पेअर झालं, पण जोर कळेना

भाचीने हजार-बाराशेचा स्टायलस आणला. खोक्यावर ‘सर्व फोनला चालतो’ आणि ‘ब्लूटूथ’ असं दोन्ही छापलेलं. फोनशी लगेच पेअर झाला, बॅटरी 80 टक्के दिसू लागली. चित्र काढायला बसली, तर कितीही दाबलं तरी रेघ तेवढीच जाड. तीनदा अनपेअर करून पुन्हा जोडला आणि म्हणाली, “मामा, काहीतरी सेटिंग राहिलंय बघ.”

सेटिंग काही राहिलं नव्हतं. पडद्यावर लिहिणाऱ्या पेनमध्ये दोन वेगळी कामं चालतात. ब्लूटूथवरून बहुधा बटण आणि बॅटरीचा आकडाच येतो. रेघ मात्र टोक आणि पडदा यांच्यातच ठरते. भाचीचा पेन पडद्याला बोटासारखा भासतो, एवढंच. बोटाचा जोर मोजायची सोय तिच्या फोनच्या काचेखाली नाही, मग शंभर वेळा पेअर करून काय होणार?

सॅमसंगचा एस-पेन नेमका उलटा. या पेनच्या जोडीला फोनच्या पडद्याखाली खास जाळी असते. तिच्या चुंबकीय क्षेत्रातूनच टोकाला वीज मिळते आणि दाब 4096 पातळ्यांत मोजला जातो. 2018च्या नोट 9च्या पेनमध्ये ब्लूटूथ आलं, पण ते लांबून फोटो काढण्यासारख्या कामांसाठी. पेनचं चार्जिंग पार संपलं तरी लिहिणं आणि दाब चालूच राहतात. चुंबकवालं कव्हर घातलं, तर मात्र काही जागी रेघ तुटते किंवा वाकते. कव्हर काढून बघितलं की उलगडा होतो.

शंका असेल तर अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये Pointer location चालू करा. पडद्याच्या वर Prs नावाचा आकडा दिसतो. हलकं आणि मग जोरात टेकवा. खऱ्या दाबाच्या पेनला तो ठळकपणे वरखाली होतो. भाचीच्या पेनला 1.0 वरून हललाच नाही. आकडा हलतोय पण रेघ बदलत नाही, असं असेल तर दोष चित्राच्या अ‍ॅपचा किंवा निवडलेल्या ब्रशचा.

बॅटरीच्या टक्क्यांवरही फार विसंबू नये. पेन सेलचा व्होल्टेज पाहून अंदाज बांधतो आणि लिथियमचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात फारसा हलत नाही. म्हणून 40 वरून एकदम 10 वर उडी पडते. पेन झोपला की कनेक्शन तुटतं, आणि काही फोन शेवटचा जुना आकडाच दाखवत बसतात. पेन जागा करून पुन्हा बघावा. काही पेन तर हा आकडा पाठवतच नाहीत, तिथे फोन बिचारा काय दाखवणार?

कागदावर लिहिणाऱ्या स्मार्ट पेनची गोष्ट वेगळी. तिथे दाब पेनच्या आतच मोजला जातो आणि ब्लूटूथवरून त्याच्या अ‍ॅपमध्ये येतो. तिथे पुन्हा पेअर करण्यात अर्थ आहे.

भाचीचा पेन नोट्स काढायला ठीक आहे. चित्रांसाठी पेन घ्यायचा असेल तर खोक्यावर ‘ब्लूटूथ’ शोधू नका, आपल्या फोनच्या मॉडेलचं नाव त्या पेनच्या यादीत आहे का ते बघा.