रस्त्यात हरवलेली कुपी
जानेवारी 2023. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खाणीतून पर्थकडे निघालेल्या मापकाचा बोल्ट बहुधा हादऱ्यांनी निघाला आणि सीझियम-137 ची जेमतेम 8 मिलिमीटर उंचीची कुपी वाटेत पडली. वाट 1400 किलोमीटरची!

कुपीची तीव्रता 19 गिगाबेकरेल. सीझियमची धोक्याची मर्यादा 100. भागाकार 0.19, म्हणून पाचांपैकी चौथी श्रेणी. तरी निर्धास्त राहू नये. खिशात ठेवली तर कातडी भाजते.

डोळ्यांनी शोधणं अशक्यच. ताशी 70 किलोमीटरने धावणाऱ्या शोधगाडीच्या उपकरणाने 1 फेब्रुवारीला, न्यूमनच्या दक्षिणेला, गॅमा किरण टिपले. मग हातातल्या मापकाने जागा हेरली: रस्त्यापासून दोन मीटरवर. भोवतालचा 20 मीटर परिसर बंद केला, अनुक्रमांक पडताळला आणि कुपी शिशाच्या डब्यात बंद झाली.