निर्यातदाराचा डॉलर – भाग ६ : दर ठरवून टाकावा की वाट पाहावी?

समजा, सोलापूरच्या एका टॉवेल उत्पादकाने अमेरिकेतल्या ग्राहकाला 1 लाख डॉलरचा माल पाठवला आहे. पैसे 90 दिवसांनी मिळणार. सूत, रंगाई, मजुरी आणि जहाजभाडे धरून त्याचा खर्च 81 लाख रुपये झाला. आजचा दर 84 रुपये आहे आणि बँक तीन महिन्यांनंतरच्या डॉलरला 84.40 रुपये द्यायला तयार आहे. हे वरचे 40 पैसे मिळतात, कारण रुपयावरचे व्याज डॉलरवरच्या व्याजापेक्षा जास्त आहे. रुपया घसरेलच, असे भाकीत त्यात नाही.

फॉरवर्ड कव्हर घेतले तर नफा 3 लाख 40 हजारांवर पक्का होतो. न घेतल्यास काय होईल, हे वसुलीच्या दिवशीचा दर ठरवेल. तो 86.50 झाला तर नफा साडेपाच लाखांवर जाईल. 82 झाला तर एक लाखच उरेल आणि 80.50 झाला तर पन्नास हजार खिशातून जातील. दर 84 वरच राहिला तर? ‘काहीच बिघडले नाही’ असे अनेकांना वाटते, पण कव्हरच्या तुलनेत 40 हजार कमीच मिळालेले असतात. म्हणून तुलना आजच्या दराशी नव्हे, 84.40 शी करायला हवी.

दर एका दिशेने सरळ जातो, असेही नाही. 2013 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला डॉलर 54 रुपयांच्या आसपास होता. 28 ऑगस्टला तो 68 च्या पुढे गेला आणि ऑक्टोबरच्या मध्याला पुन्हा 61-62 वर आला. मे महिन्यात माल पाठवून कव्हर न घेतलेल्यांची चांदी झाली. ऑगस्टअखेर 68 चा हिशेब धरून ऑर्डर घेतलेल्यांचे गणित मात्र दीड महिन्यात कोलमडले.

कव्हरचा खरा धोका वेगळाच आहे: ग्राहकाने पैसे वेळेवर न देणे. मुदतीच्या दिवशी डॉलर आले नाहीत आणि बाजारात दर 86.50 असला, तर करार रद्द करताना डॉलरमागे 2.10 रुपये, म्हणजे 2 लाख 10 हजार रुपये, बँकेला लगेच रोख द्यावे लागतात. पुढे पैसे येतील तेव्हा दर खाली आलेला असू शकतो. मग नुकसान भरून निघत नाही. यासाठी महिनाभराच्या कालावधीत कोणत्याही दिवशी डॉलर देण्याची मुभा असलेला करार करता येतो. मात्र त्यात बँक प्रीमियम त्या कालावधीच्या पहिल्या दिवसापर्यंतचाच देते.

जुन्या ग्राहकांच्या वसुलीच्या तारखा उतरवून काढल्या तर कोण किती दिवस उशीर करतो, हे स्पष्ट दिसते. वेळेवर पैसे देणाऱ्याच्या पूर्ण रकमेला कव्हर घ्यावे. नेहमी रखडवणाऱ्याच्या बाबतीत मात्र नफा इतका तुटपुंजा असेल, की दोन-तीन रुपयांच्या हालचालीने तोटा होईल, तर निदान निम्म्या रकमेचे तरी कव्हर या लवचीक मुदतीच्या करारात बांधून ठेवावे.