पाण्याच्या टेबलासाठी माणसं हवीत

‘धावपटूंना पाणी द्यायला या’ एवढंच पोस्टरवर छापलं, तर नावं भरपूर येतात. पहाटे मात्र टेबलं ओस पडतात. येणाऱ्याला वेळ आणि काम नेमकं कळायला हवं.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन घ्या. यवतेश्वर घाट चढून धावपटू त्याच रस्त्याने परततात. त्यामुळे सहाव्या किलोमीटरवरचं टेबल परतीला पंधराव्या किलोमीटरवरचं ठरतं. समजा, शर्यत साडेसहाला सुटली. किलोमीटरला चार मिनिटं घेणारा तिथे सहा चोपन्नला पोहोचेल. नऊ मिनिटं घेणारा परतताना पावणेनऊला. मांडामांड आणि आवराआवर धरून पोस्टर असं होईल :

‘सहावा किलोमीटर. पहाटे साडेपाच ते सकाळी साडेनऊ. पेले अर्धेच भरा. तळहातावर पेला ठेवून हात लांब करा, धावपटू उचलून घेईल. “पाणी” की “इलेक्ट्रॉल”, हे ओरडून सांगा. पडलेले पेले उचला. शेवटचा धावपटू परत जाईपर्यंत जागा सोडू नका.’

‘अर्धेच’ महत्त्वाचं : काठोकाठ भरलेला पेला पळताना अंगावर सांडतो आणि रस्ता निसरडा होतो.