शिकवणी लावताय? आधी वेळ विचारा, मग बॅचमध्ये बसवून बघा, फी शेवटी ठरवा

भिंगार, वार्ताहर : जूनमध्ये शाळा उघडली की दहावीच्या पोरांच्या घरी शिकवणीचा विषय निघतोच. पालक क्लासला फोन लावतात आणि पहिलाच प्रश्न टाकतात, "सर, फी किती?" तिकडून आकडा येतो. तो आकडा दुसऱ्या क्लासच्या आकड्याशी ताडून बघायचा, जो कमी तिथं नाव घालायचं, आणि ऑगस्टमध्ये कळतं की बॅच सुटेपर्यंत गावाकडची एसटी निघून गेलेली असते, नोट्सचे पैसे वेगळे आहेत आणि शिकवायला सर स्वतः येतच नाहीत. नुसत्या फीच्या आकड्यावरून काही समजत नाही. किती तासांची फी, त्यात काय काय आलं आणि मधेच सोडलं तर किती परत, हे कळलं तरच तो आकडा कामाचा.

म्हणून विचारण्याचा क्रम बदलायला पाहिजे. आपण एक उदाहरण घेऊन बघू. समजा मेहेकरीची एक मुलगी भिंगारच्या शाळेत दहावीला आहे. तिला गणित आणि विज्ञानाची शिकवणी लावायची आहे आणि भिंगारमधले दोन क्लास घरच्यांच्या डोळ्यासमोर आहेत.

पहिला प्रश्न वेळेचा

वेळ जुळत नसेल तर बाकीचं विचारून उपयोग नाही, म्हणून तो प्रश्न पहिला. मुलीची शाळा पाचला सुटते. बॅच साडेपाच ते सात असेल तर सातनंतर पाथर्डीकडे जाणारी आणि मेहेकरीला थांबणारी एसटी कोणती, ती रोज येते का, हे आधी बघायचं. वेळापत्रकावर भरवसा ठेवू नका. त्याच गाडीनं रोज येणाऱ्या पोरांना विचारा, खरं काय ते तीच सांगतील. मुलीचा एसटीचा मोफत पास गाव ते शाळा या मार्गाचा असतो. क्लास शाळेच्या पुढं असेल तर तिथल्या तिकिटाचं काय, हेही पास काढतानाच आगारात विचारून घ्या.

सरांना वेळ विचारताना "बॅच कधी असते?" एवढ्यावर थांबू नका. पुढचं असं विचारा :

"सर, आठवड्यातले दिवस किती, आणि रोज तास किती? बॅच ठरल्या वेळेला सुटते का, का जास्त वेळ थांबवता? रविवारी टेस्ट असते का? दिवाळीनंतर वेळ बदलते का?"

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. परीक्षा जवळ आली की जादा तास सुरू होतात आणि ते बहुतेक सकाळी लवकर नाहीतर रात्री असतात. गावातल्या पोरांना तेव्हाच अडचण येते. जादा तास भरवू नका असं आपण म्हणत नाही, पण ते कधी असतील हे जूनमध्येच कळलं तर एकाच गावच्या दोन-तीन पोरींची एकत्र जायची-यायची सोय लावता येते.

माध्यम आणि शिकवणारा माणूस

सेमी इंग्रजीच्या मुलांना गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असतं, मराठी माध्यमाच्या मुलांना मराठीतून. काही ठिकाणी दोन्ही मुलं एकाच बॅचमध्ये बसवतात. मग फळ्यावर इंग्रजी, तोंडी मराठी असं चालतं आणि दोघांचीही ओढाताण होते. म्हणून "ही बॅच कोणत्या माध्यमाची?" हे स्पष्ट विचारायचं.

दुसरं, "गणित वर्षभर तुम्ही स्वतः शिकवणार का?" हे विचारा. बोर्डावर नाव एका सरांचं आणि शिकवायला दुसरंच कोणी, असंही होतं. दुसरे शिकवणार असले तरी हरकत नाही, पण ट्रायलच्या दिवशी त्यांचाच तास बघायला मिळाला पाहिजे. शाळेतलेच शिक्षक घरी शिकवणी घेत असतील तर एक गोष्ट माहीत असू द्या. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ प्रमाणे शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे. हा कायदा पहिली ते आठवीच्या शिक्षणाचा आहे. त्यामुळे "आमच्याच शाळेतल्या मॅडमकडं शिकवणी लावली नाही तर मार्क कमी पडतील" अशा धाकाखाली कुणी राहायचं कारण नाही.

ट्रायल एक दिवस नको, तीन दिवस

बरेच क्लास एक दिवस फुकट बसू देतात. पण खास ट्रायलसाठी ठेवलेला तास नेहमीच छान होतो. तुम्ही म्हणा, "सर, चालू बॅचमध्येच तीन दिवस बसवतो, लागोपाठ. पटलं तर चौथ्या दिवशी पहिला हप्ता भरतो." तीन दिवसांत शिकवणं दिसतं, दिलेला गृहपाठ दुसऱ्या दिवशी तपासतात का ते दिसतं, आणि न आलेलं गणित पोरीनं परत विचारलं तर समजावून सांगतात का का रागावतात, तेही दिसतं. बॅचमध्ये पोरं किती, हे सरांना विचारायचंच, पण पोरीलाही मोजून यायला सांगायचं.

आता अडचण अशी की आपल्यापैकी बऱ्याच जणांना दहावीचं गणित येत नाही. मग शिकवलेलं कळलं का, हे ओळखायचं कसं? त्याला सोपी रीत आहे. दहावीच्या गणित भाग १ मधला पहिलाच पाठ दोन चलांतील रेषीय समीकरणांचा आहे. समजा क्लासमध्ये असं गणित झालं : दोन संख्यांची बेरीज १४ आणि फरक ४, तर त्या संख्या कोणत्या? पोरगी वहीत लिहून आणते,

x + y = १४
x − y = ४

आणि उत्तर ९ व ५. संध्याकाळी वही बंद करायला सांगा आणि फक्त आकडे बदलून द्या : बेरीज २०, फरक ६. तिनं दोन्ही समीकरणं मांडली, त्यांची बेरीज करून २x = २६ काढलं आणि १३ व ७ सांगितलं तर क्लासमध्ये तिला समजलं आहे. उत्तर बरोबर आहे का, हे तुम्हालाही तपासता येतं : १३ आणि ७ वीस, तेरातून सात गेले सहा. वही उघडल्याशिवाय तिचा हात हलत नसेल तर फळ्यावरचं नुसतं उतरवून आणलंय असं समजा. एका दिवसावरून ठरवू नका, पण तीनही दिवस असंच झालं तर तो क्लास तिच्यासाठी नाही. क्लास वाईटच असेल असं नाही, कदाचित तिचा मागच्या वर्षाचा पाया कच्चा असेल. तेही सरांनाच विचारा : "हिची नववीची बीजगणिताची कमी आहे, ती भरून काढायला वेळ देता का?"

आता फी

वेळ जुळली, शिकवणं पटलं, मगच पैशाचं बोलायचं. पहिला क्लास वर्षाचे १५,००० म्हणतो, दुसरा ९,०००. दुसरा स्वस्त वाटतो. पण तास मोजा. जूनच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत, दिवाळीची सुट्टी सोडून, साधारण ३० आठवडे शिकवणं होतं.

पहिला क्लास आठवड्याला ६ दिवस, रोज दीड तास. म्हणजे आठवड्याला ९ तास आणि एकूण २७० तास. तासाला पडले साधारण ५५ रुपये. दुसरा आठवड्याला ३ दिवस, एकेक तास. एकूण ९० तास. तासाला पडले १०० रुपये.

आता उलट बाजूही बघा. पहिल्या क्लासमध्ये नोट्सचे ८०० आणि टेस्टचे १,२०० वेगळे असतील तर खरी फी १७,००० होते आणि तास ६३ रुपयांना पडतो. तिथं एका बॅचमध्ये ६० पोरं असतील आणि दुसरीकडं १५, तर महाग तासात आपल्या पोरीकडं जास्त लक्ष जाऊ शकतं. म्हणून हा हिशोब केवळ तुलनेसाठी आहे. कोण चांगलं शिकवतं ते त्या तीन दिवसांतच कळतं.

फी ठरवताना मधेच सोडल्यावरचं बोलणं राहून जातं. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांत पावती द्यावी, नोट्सचे वेगळे पैसे घेऊ नयेत, मधेच फी वाढवू नये आणि पूर्ण फी भरून विद्यार्थ्यानं मधेच सोडलं तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी, असं म्हटलं आहे. मात्र या सूचना ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या सेंटरसाठी आहेत आणि त्या लागू करण्याचं काम राज्यांकडं आहे. घरी पंधरा पोरं शिकवणाऱ्या मॅडमना त्या बांधील नाहीत. तिथं तुमचं आणि त्यांचं जे ठरेल तेच खरं, म्हणून ते आधीच ठरवायचं.

ठरवायचा हिशोब अवघड नाही. १५,००० रुपये साडेसात महिन्यांचे, म्हणजे महिन्याला २,०००. तीन महिन्यांनी सोडलं तर ६,००० क्लासचे, ९,००० आपले. पण हातात गेलेले पैसे परत मिळवण्यापेक्षा एकदम न देणं बरं. तीन हप्ते मागा : प्रवेशाला ५,०००, गणपतीनंतर ५,०००, दिवाळीनंतर ५,०००. "एकदम भरा, दोन हजार कमी करतो" असं सांगितलं तर ट्रायल पूर्ण होईपर्यंत हो म्हणू नका.

बोलणं झालं की मेसेज टाका

तोंडी ठरलेलं दिवाळीपर्यंत दोघांनाही आठवत नाही. म्हणून त्याच दिवशी सरांना व्हॉट्सॲपवर असा मेसेज करा :

"नमस्कार सर. आज बोलल्याप्रमाणे : दहावी, सेमी, गणित व विज्ञान. सोमवार ते शनिवार, ५.३० ते ७. एकूण फी १५,०००, नोट्स व टेस्ट धरून, तीन हप्त्यांत. मधेच सोडल्यास राहिलेल्या महिन्यांची फी परत किंवा पुढचा हप्ता नाही. बरोबर असेल तर कळवावे."

सरांचं "हो, बरोबर" एवढं उत्तर आलं तरी ते लेखी झालं. तो मेसेज जपून ठेवा. फोनपे किंवा गुगल पेनं हप्ता भरला तर स्क्रीनशॉट ठेवाच, पण पावतीही घ्या, कारण स्क्रीनशॉटवर पैसे कोणाला गेले ते दिसतं, कशाचे गेले ते दिसत नाही. पावतीवर पोरीचं नाव, वर्ग, विषय आणि कितवा हप्ता, एवढं असलं की झालं. पुढं पैशावरून वाद झालाच आणि बोलून मिटला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवता येते. तिथं हा मेसेज आणि पावतीच कामाला येते.

एवढं सगळं विचारलं तर सर रागावतील, अशी काहींना भीती वाटते. नीट शिकवणाऱ्या माणसाला वेळ, तास आणि फीचा हिशोब सांगायला दहा मिनिटं लागत नाहीत. जो "आधी प्रवेश घ्या, मग बघू" असं म्हणतो, तिथं पैसे काढायच्या आधी दुसरा क्लास बघून या.