रात्रीची दारू आणि सकाळचे डोके

लग्नाच्या मेजवानीत चार पेग झाले, की सकाळी डोके ठणकते, मळमळते, तोंडाला कोरड पडते. दारूने लघवी वाढून अंगातले पाणी घटते, जठराचा दाह होतो आणि झोप मोडते.

‘काळी दारू बाधते, पांढरी नाही’ असे पुष्कळजण म्हणतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात एका गटाला बर्बन व्हिस्की व दुसऱ्याला व्होडका सारख्याच नशेपर्यंत पाजली. आंबवताना व पिंपात मुरताना उतरणारी इतर द्रव्ये बर्बनमध्ये व्होडकाच्या ३७ पट होती. बर्बनवाल्यांना सकाळी त्रास अधिक जाणवला; पण झोप आणि कामातले लक्ष दोन्ही गटांचे सारखेच बिघडले. म्हणजे मुख्य दोष दारूचाच. शिवाय रंगावर जाऊ नये. फेणी पाण्यासारखी दिसली तरी तिचा उग्र वास याच द्रव्यांचा असतो.

सकाळी ‘उतारा’ म्हणून पुन्हा घोट घेतल्यास त्रास फक्त पुढे ढकलला जातो. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट प्यावे. त्याने कोरड जाते. बाकीचा त्रास वेळेनेच ओसरतो. पॅरासिटामॉल मात्र टाळावे, कारण यकृतावर आधीच ताण असतो. त्रास खरोखर कमी करायचा, तर पेगच कमी करावे लागतात.