आधी लिहा, मग नाव बदला

सेटिंग्जची फाइल सेव्ह करताना बरेच प्रोग्रॅम आधी जुनी फाइल उघडून तिची लांबी शून्य करतात आणि नवा मजकूर त्यानंतर लिहायला घेतात. नेमकी तेव्हाच वीज गेली तर जुने गेलेले असते आणि नवे आलेले नसते. संगणक पुन्हा सुरू केला की फाइल जागेवर दिसते, पण शून्य बाइटची किंवा मध्येच तुटलेली.

यावर युनिक्समधला जुना तोडगा असा: नवा मजकूर वेगळ्या, तात्पुरत्या फाइलमध्ये पूर्ण लिहायचा आणि मग तिला मूळ फाइलचे नाव द्यायचे. डिरेक्टरीत फाइलचे फक्त नाव आणि एक क्रमांक असतो. मजकूर कुठे आहे ते त्या क्रमांकावरून कळते. नाव बदलताना तेवढा क्रमांकच बदलतो आणि तोही एका झटक्यात. त्यामुळे फाइल वाचणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमला एकतर पूर्ण जुनी फाइल मिळते, नाहीतर पूर्ण नवी.

एवढ्यावर काम भागते असे अनेकांना वाटत होते. २००९ च्या सुरुवातीला, उबुंटूची ९.०४ आवृत्ती चाचणीत असताना, तो समज उघडा पडला. नव्या ext4 फाइल सिस्टिमवर संगणक अचानक बंद पडला की अलीकडे लिहिलेल्या फाइली शून्य बाइटच्या सापडू लागल्या. आधीच्या ext3 मध्ये साधारण पाच सेकंदांत मजकूर डिस्कवर जाई, आणि नाव बदलल्याची नोंद त्यानंतर. ext4 वेग वाढवण्यासाठी मजकुराला डिस्कवर जागा देणेच लांबणीवर टाके, कधी अर्ध्या मिनिटाहूनही जास्त. नावाची नोंद मात्र आधीच पक्की होई. म्हणजे नाव नवे आणि आत काहीच नाही.

ext4 चे प्रमुख विकासक थिओडोर त्सो यांचे म्हणणे होते की मजकूर डिस्कवर पोचायलाच हवा असेल तर प्रोग्रॅमने तसे सांगावे, `fsync` वापरावे. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच होते, पण संतापलेल्या लोकांना तांत्रिक अचूकता पुरत नाही. शेवटी लिनक्सच्या २.६.३० आवृत्तीत, जुन्या फाइलच्या जागी नवी आणताना मजकूर आधी लिहिण्याची सोय ext4 मध्येच केली गेली. तरी प्रत्येक फाइल सिस्टिम असे करेल या भरवशावर राहू नये. क्रम असा ठेवावा:

```
write(fd, buf, n);
fsync(fd);
close(fd);
rename("settings.tmp", "settings");
```

प्रत्येक पायरीचे उत्तर तपासायचे. डिस्क भरल्यामुळे `write` अर्धवट राहिले आणि तरीही नाव बदलले, तर चांगली फाइल आपणच मारली. नवी फाइल लगेच कायमची व्हायला हवी असेल, तर शेवटी डिरेक्टरीवरही `fsync` करावे लागते.

तात्पुरती फाइल `/tmp` मध्ये ठेवू नका. ती मूळ फाइलच्याच डिरेक्टरीत हवी. `/tmp` पुष्कळदा वेगळ्या फाइल सिस्टिमवर असते आणि दोन फाइल सिस्टिममध्ये नाव बदलता येत नाही. `rename` थेट `EXDEV` ही चूक दाखवते. काही साधने अशा वेळी गुपचूप नक्कल करतात, आणि नक्कल म्हणजे पुन्हा तोच अर्धवट राहण्याचा धोका.