नमनाच्या व्हिडिओत पाय आधी, मृदंग मागून? आवाजात दोष नाही, फ्रेममध्ये आहे

रत्नागिरी : शिमगा असो की गणपती, नमन आणि जाखडीचं शूटिंग आता गावागावात मोबाईलवरच होतं. मुंबईच्या चाकरमान्यांना पाठवायला किंवा पेनड्राईव्हवर टाकून टीव्हीवर बघायला तो व्हिडिओ कन्व्हर्ट केला जातो, आणि मग घोटाळा दिसतो. सुरुवातीला सगळं जुळलेलं असतं. पुढे पुढे मात्र गौळणीचे ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतात. शेवटाला तर नाच एकीकडे आणि मृदंग दुसरीकडे!

असं झालं की बहुतेक जण माईकला दोष देतात. पण मूळ फाईल मोबाईलवर लावून शेवटची पाच मिनिटं बघा. तिथे आवाज जुळत असेल, तर शूटिंग ठीक आहे, बिघाड कन्व्हर्ट करताना झालाय.

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक पळणारे फोटो. त्यातल्या एकेका फोटोला फ्रेम म्हणतात. मोबाईलवर ३० फ्रेमचं सेटिंग असलं, तरी तो प्रत्येक सेकंदाला बरोबर ३० फ्रेम घेतोच असं नाही. रंगमंचावरचा उजेड कमी झाला की चित्र काळं पडू नये म्हणून अनेक मोबाईल एकेका फ्रेमला जास्त वेळ देतात. साहजिकच फ्रेम कमी होतात, २४ वर येतात, कधी त्याहून खाली. यालाच व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. कुठली फ्रेम किती वाजता दाखवायची याची वेळ मोबाईल फाईलमध्ये लिहून ठेवतो, म्हणून मूळ फाईल नीट चालते. काही कन्व्हर्टर आणि एडिटिंग ॲप मात्र ती वेळ बघतच नाहीत. सगळ्या फ्रेम सारख्या अंतरावर आहेत असं धरून चालतात.

समजा, तासाभराचं नमन आहे आणि मध्येच वगनाट्यात पाच मिनिटं दिवे मंद केले. त्या ३०० सेकंदांत मोबाईलने सेकंदाला २४ प्रमाणे ७२०० फ्रेम घेतल्या. कन्व्हर्टरने त्या ३० च्या वेगाने लावल्या, तर त्या २४० सेकंदांतच संपतात. आवाज मात्र पूर्ण पाच मिनिटांचाच. म्हणजे त्या प्रवेशानंतर चित्र एक मिनिट पुढे पळालं, आणि ते शेवटपर्यंत तसंच राहणार. आवाज थोडा मागेपुढे सरकवून हे सुटत नाही ते यामुळेच. शेवट जुळवला तर सुरुवात बिघडते. (फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच असेल, तर मात्र दुखणं वेगळं. तिथे आवाज सरकवला की काम होतं.)

खात्री करायची तर कॉम्प्युटरवर MediaInfo या मोफत प्रोग्राममध्ये मूळ फाईल उघडा. Frame rate mode समोर Variable दिसलं की चोर सापडला.

उपाय एकच : एडिटिंगला हात लावण्याआधी मूळ फाईल एकसमान फ्रेमची करून घ्यायची. HandBrake हा प्रोग्रामही मोफत आहे. त्यात फाईल उघडून Video या भागात जा, Framerate मध्ये 30 निवडा आणि खाली Constant Framerate वर खूण करा. तिथे Peak Framerate राहिलं तर मेहनत फुकट, कारण त्याचा अर्थ फक्त ‘३० च्या वर नको’ एवढाच. २५ सुद्धा निवडू नका. दर सेकंदाला पाच फ्रेम गळतील आणि जाखडीची पावलं अडखळल्यासारखी दिसतील. कमांड चालवता येणाऱ्याला ffmpeg ने हेच काम एका ओळीत करता येतं :

```
ffmpeg -i naman.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -c:a aac naman30.mp4
```

यात फ्रेमची लिहिलेली वेळ पाळली जाते आणि जिथे फ्रेम कमी आहेत तिथे आधीचीच पुन्हा दाखवली जाते. फाईल मोठी होऊ शकते आणि तासाभराच्या व्हिडिओला जुना कॉम्प्युटर बराच वेळ घेतो. घरी कॉम्प्युटर नसेल तर फोटो स्टुडिओवाल्याकडे करून घ्या, पण फाईल केबलने द्या. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलात तर ती वाटेतच पुन्हा कन्व्हर्ट होते.

मूळ फाईल डिलीट झाली असेल तर फ्रेमच्या वेळाही गेल्या. मग बिघडलेल्या व्हिडिओत फरक कुठून सुरू होतो ते शोधायचं, आवाज वेगळा करायचा आणि चित्राचा तेवढाच तुकडा कापून संथ करायचा. वरच्या उदाहरणात त्या चार मिनिटांच्या तुकड्याला ०.८ वेग दिला की तो पाच मिनिटांचा होतो. काम किचकट आहे, आणि अंधाराचे प्रवेश दहा-बारा असतील तर अख्खी रात्र जाते.

पुढच्या शूटिंगला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये Auto FPS आहे का बघा. आयफोनमध्ये आणि काही सॅमसंग मोबाईलमध्ये ते असतं. बंद केलंत तर अंधारातलं चित्र थोडं काळपट येईल, पण फ्रेम फारशा घसरणार नाहीत.